उघड्या वाफ्याच्या फोटोत फुलं लावताना महिना चुकू देऊ नका

(पनवेल तालुक्यातल्या रोपवाटिका चालवणाऱ्या गटांच्या सदस्यांसमोर कळंबोलीत केलेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

आज हिशोबाच्या वह्या बंद ठेवा आणि फोन बाहेर काढा. आपल्या रोपवाटिकेचं कॅटलॉग सप्टेंबरात सोसायट्यांमध्ये वाटायचं आहे. त्यात ‘हिवाळी वाफा’ असं एक पान आहे. त्या पानासाठी आपल्याकडे एकच फोटो आहे. कळंबोलीतल्या एका सोसायटीची कंपाउंडची भिंत, तिच्या पायथ्याशी १२ फूट लांब आणि ३ फूट रुंद मातीची पट्टी, आणि पट्टीवर काहीही नाही. कोपऱ्यात एक देवचाफा आहे, तोही निष्पर्ण. असा फोटो छापला तर रोप कोण मागवणार? म्हणून त्यात फुलं आणि हिरवाई घालायची आहे. आपल्याच रोपवाटिकेतल्या झाडांचे फोटो काढायचे, झाड तेवढं कापून घ्यायचं आणि या रिकाम्या पट्टीवर बसवायचं. थर लावता येणारं कुठलंही फोटोचं ॲप त्याला चालतं.

ॲप शिकायला अर्धा तास लागतो. अवघड भाग वेगळाच आहे, तो म्हणजे महिना. गिऱ्हाईक फोटो बघून पैसे देतं, आणि तसंच फुललेलं बघायची वाट पाहतं. फोटोत जानेवारीच्या उन्हात तेरडा फुललेला दाखवला आणि कोणी तो बघून ऑक्टोबरात रोपं मागवली, तर त्या घरी जानेवारीत काय असेल? तेरडा गौरीगणपतीच्या सुमाराला बहरतो आणि पाऊस गेला की बिया टाकून संपतो. त्या बाईंच्या हातात वाळलेल्या काड्या येतील आणि फोन आपल्याला येईल.

तर पहिलं काम असं की, फोटोला काहीही लावण्याआधी तो नीट वाचायचा. आपला हा फोटो जानेवारीतला, सकाळी साडेनऊचा आहे. हे मला माहीत आहे, कारण फोनमध्ये तारीख-वेळ असते. पण ती नसती तरी फोटोच सांगतो. माती पांढुरकी पडली आहे, ढेकळांना बारीक भेगा आहेत. भिंतीवर शेवाळाचे जुने काळे डाग आहेत, पण हिरवं काही नाही. मागे लांब डोंगराची कड दिसते, ती तपकिरी आहे. आपल्याकडचे डोंगर जून-जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत हिरवे असतात, मग हळूहळू वाळतात. चाफ्याला पानं नाहीत. म्हणजे या फोटोतल्या मातीने, भिंतीने, डोंगराने आणि झाडाने आधीच महिना सांगून टाकला आहे. आपण जी फुलं लावू ती याच महिन्याची हवीत.

इथे एका ताईंनी विचारलं होतं, “मॅडम, मातीचा रंग गडद करून, आभाळ ढगाळ करून हाच फोटो पावसाळी पानाला वापरला तर?” करता येईल. पण मग डोंगर हिरवा करा, भिंतीला शेवाळ लावा, चाफ्याला पानं घाला, भिंतीवरचं ऊन काढा. एवढं सगळं बदलल्यावर त्यातली एखादी गोष्ट राहून जाणारच, आणि बघणाऱ्याला नेमकी तीच खटकते. काय खटकतं ते सांगता येत नाही, पण ‘फोटो खोटा वाटतो’ एवढं गिऱ्हाईक बोलून जातं. त्यापेक्षा पावसाळ्यात जाऊन दुसरा फोटो काढणं सोपं. माझं मत साधं आहे. फोटोचा महिना बदलायचा नाही, फुलं त्या महिन्याला जुळवायची.

आता जानेवारीत आपल्या भागात काय फुलतं, हे मी तुम्हाला शिकवायची गरज नाही. तुम्हीच मला शिकवलंत. शेवंती, मखमली झेंडू, कुंद आणि बोगनवेल ही चार नावं मागच्या बैठकीत तुम्ही भराभर सांगितलीत. जास्वंद आणि सदाफुली बाराही महिने असतात, त्यामुळे ती कुठल्याही फोटोत चालतात. मोगरा मात्र नाही, तो उन्हाळ्याचा. सोनटक्का पावसाळ्याचा. शेवंती हिवाळ्यातच का येते, हे एकदा समजून घेतलं की चूक होत नाही. तिला थंडीपेक्षा लांब रात्र लागते. रात्र मोठी झाली की ती कळी धरते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात अकरा तासांचा. म्हणून मे महिन्याच्या फोटोत शेवंतीचा गच्च ताटवा घातला, तर ज्याने एकदा तरी शेवंती लावली आहे तो हसेल.

एक बारीक गोष्ट वेळेची. फोटो सकाळी साडेनऊचा आहे. गुलबक्षी संध्याकाळी उमलते आणि सकाळी ऊन चढलं की मिटते. म्हणजे महिना जुळला तरी साडेनऊच्या उन्हात टवटवीत उघडी गुलबक्षी खोटीच. पारिजातकाचंही तसंच. सकाळी त्याची फुलं झाडापेक्षा जमिनीवर जास्त असतात. पारिजातक दाखवायचा असेल तर त्याच्या मोसमात खाली सडा दाखवा.

आता किती झाडं लावायची? हा प्रश्न फोटोचा वाटतो, पण खरा तो पैशांचा आहे. आपण ‘हिवाळी वाफा’ संच म्हणून विकणार आहोत. एका संचात जेवढी रोपं देणार, तेवढीच फोटोत दिसली पाहिजेत. पट्टी १२ फुटांची. मागची ओळ शेवंतीची, दोन रोपांत दीड फूट अंतर, म्हणजे ८ रोपं. पुढची ओळ मखमली झेंडूची, एकेक फुटावर, म्हणजे १२ रोपं. एका टोकाला भिंतीवर चढवलेली एक बोगनवेल. एकूण २१. ॲपमध्ये झाडाची नक्कल करायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे हात सुटतो आणि बघता बघता ६० झाडांचा गालिचा तयार होतो. तो सुंदर दिसतो, पण २१ रोपांत तो घरी उगवत नाही. झाडांच्या मध्ये माती दिसू द्या. दीड-दोन महिन्यांच्या वाफ्यात ती दिसतेच.

मापही जुळायला हवं. मखमली झेंडू साधारण एक फुटाचा, शेवंती दीड फुटाची. फोटोत हे कशावरून ठरवायचं? आपल्या फोटोत भिंत आहे, ती चार फुटांची. म्हणजे झेंडू भिंतीच्या पाव उंचीवर थांबला पाहिजे आणि शेवंती निम्म्याच्याही थोडी खाली. शिवाय हा फोटो काढताना एका ताईंनी कोपऱ्यात एक फूट उंचीची बादली ठेवली होती. सगळे तिला तेव्हा हसले, पण आज सगळ्यात जास्त कामाची गोष्ट ती बादलीच आहे. तिच्यावरून माप कळतं आणि सावलीही कळते. काम झालं की बादली कापून टाकायची.

सावलीकडे येऊ. इथेच सगळ्यात जास्त फोटो फसतात, म्हणून जरा थांबून बघू. आपली भिंत उत्तर-दक्षिण जाते. वाफा तिच्या पूर्वेला आहे आणि फोटो काढणारी पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. सकाळी साडेनऊला तो आग्नेयेला, बराच खाली असतो. त्यामुळे सावली वायव्येला पडते, म्हणजे फोटोत आपल्यापासून लांब, भिंतीकडे आणि उजवीकडे. बादलीची सावली बघा. बादली एक फुटाची आणि सावली जवळजवळ दोन फुटांची. आता हेच माप प्रत्येक झाडाला लावायचं, उंचीच्या दुप्पट आणि त्याच दिशेला.

झेंडूची पुढची ओळ भिंतीपासून सव्वादोन फुटांवर आहे. तिच्या सावल्या मातीवरच राहतात आणि मागच्या शेवंतीच्या बुंध्यापर्यंत पोचतात. शेवंतीची ओळ मात्र भिंतीपासून पाऊण फुटावरच आहे आणि तिची सावली तीन फुटांची. ती भिंतीला आदळणार. मग काय होतं? सावली भिंतीपाशी मोडते आणि उभी होऊन भिंतीवर चढते. बुंध्याकडचा थोडा भाग मातीवर आडवा, वरचा बराचसा भाग भिंतीवर उभा. हे सगळे विसरतात. ते सावली सरळ जमिनीवर पसरवतात आणि ती भिंतीच्या आरपार गेल्यासारखी दिसते.

सावली करायची कशी? झाडाच्या कापलेल्या फोटोची एक नक्कल घ्यायची, ती पूर्ण काळी करायची आणि झाडाच्या मागच्या थरावर ठेवायची. मग ती आडवी करून बादलीच्या सावलीच्या दिशेने ताणायची. भिंतीला पोचते तिथे तिचे दोन तुकडे करायचे आणि वरचा तुकडा भिंतीवर उभा बसवायचा. त्यानंतर ॲपमध्ये Opacity कमी करायची. किती? तिथे बादलीची खरी सावली आहेच. तिच्याइतकी गडद झाली की थांबायचं. माझ्याकडून ती बहुधा निम्म्याच्या आसपास येते. Blend मध्ये Multiply असेल तर ते निवडा, म्हणजे सावलीखालची ढेकळं आणि भिंतीचा खरखरीतपणा दिसत राहतो. नाहीतर काळा रंग सांडल्यासारखा दिसतो. सावलीचं लांबचं टोक थोडं Blur करा, बुंध्याजवळचं करू नका. खरी सावली बुंध्याशी स्पष्ट असते आणि लांब जाताना विरते.

सावलीचं हे गणित महिन्याप्रमाणे बदलतं. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यात आणि जुलैअखेरीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून पेपरात बातमी येते तो हाच. त्या दिवसांत भर दुपारी झाडाची सावली त्याच्याच पायाशी गोळा होते. पण दुपारी बाराचा डिसेंबरातला फोटो असेल तर सावली उत्तरेला, जवळजवळ झाडाच्या उंचीएवढी पडते. म्हणून मोगऱ्याच्या मे महिन्यातल्या पानावर या जानेवारीच्या पानावरून सावली उचलून लावायची नाही.

झाडांचे फोटो काढताना थोडी शिस्त पाळा, म्हणजे पुढे त्रास वाचतो. रोपवाटिकेत सकाळी साडेनऊच्या आसपासच काढा, तुमचं तोंड पश्चिमेला असू द्या. म्हणजे झाडावरचं ऊन वाफ्याच्या फोटोतल्या उन्हासारखंच डाव्या हाताकडून आणि थोडं मागून पडेल. झाडाच्या मागे एक साधी चादर धरा. हिरवी नको, नाहीतर पानं आणि चादर वेगळी करता येत नाहीत. पांढऱ्या शेवंतीला पांढरी चादरही नको. फोन त्याच उंचीवर धरा, जिथून वाफ्याचा फोटो काढला. वरून वाकून काढलेला झेंडू समोरून दिसणाऱ्या वाफ्यात बसवला तर तो ताटात ठेवल्यासारखा दिसतो. आणि हो, जानेवारीच्या पानासाठी झाडांचे फोटोही जानेवारीतच काढून ठेवायला हवेत. ऑगस्टमध्ये शेवंती फुललेली मिळणार नाही. या वेळी ते काम झालं आहे, पुढच्या वर्षीसाठी सांगते आहे.

एकाच झेंडूच्या बारा नकला लावू नका. एका पानाला किडीने भोक पाडलं असेल तर ते भोक बारा वेळा दिसतं. किमान पाच-सहा वेगवेगळी झाडं घ्या आणि फिरवून फिरवून लावा. काहींना मोठं फूल, काहींना नुसत्या कळ्या, एखाद्याचं फूल वाळत आलेलं. फरक दिसावा म्हणून Flip करून झाड उलटं करायचा मोह होतो. ते इथे चालत नाही. झाड उलटं केलं की त्याच्यावरचं ऊनही उलटं होतं. बाकी सगळ्या झाडांची डावी बाजू उजळ आणि याचीच उजवी. ढगाळ दिवसाच्या फोटोत Flip बिनधास्त करा, तिथे ऊन एका बाजूने नसतं.

लावताना मागून पुढे या. आधी भिंतीवरची बोगनवेल, मग शेवंती, शेवटी झेंडू, म्हणजे पुढचं झाड मागच्याला थोडं झाकतं. मागची झाडं किंचित लहान ठेवा. झाड मातीवर ठेवल्यासारखं न दिसता मातीतून आल्यासारखं दिसायला हवं. त्यासाठी Eraser चा ब्रश मऊ करून बुंध्याचा अगदी तळ हलकासा पुसा आणि त्या वाफ्यातल्याच दोन ढेकळांचा तुकडा कापून बुंध्यापुढे ठेवा. बुंध्याला चिकटून एक बारीक गडद रेघही द्या. ही रेघ नसली तर झाड हवेत तरंगतं, सावली कितीही चांगली केली तरी.

हिरवाईबद्दल बोलायचं तर सगळ्यांचा हात हिरवा रंग वाढवण्याकडे जातो. जानेवारीतली आपल्याकडची हिरवाई पोपटी नसते, गडद आणि थोडी मळकट असते. कळंबोलीत तर लोखंड बाजारात येणाऱ्या ट्रकांची आणि हायवेची धूळ पानांवर बसलेली असते. सगळी धूळ दाखवायची गरज नाही, पण रंग ताणून पानं प्लास्टिकची करू नका. झाडाचा रंग वाफ्याच्या फोटोतल्या उन्हाशी जुळवा. सकाळचं ऊन थोडं पिवळसर असतं. शेवंती निळसर पांढरी दिसत असेल तर तिला किंचित पिवळट करा, भिंतीवरच्या उन्हाकडे बघत.

आणि तो देवचाफा. दोघीतिघींनी सुचवलं की त्याला पानं आणि फुलं लावू, कोपरा उजाड दिसतो. मी नको म्हटलं. देवचाफा थंडीत पानं गाळतो आणि उन्हाळ्याकडे फुलायला लागतो. निष्पर्ण चाफ्याशेजारी फुललेली शेवंती, हेच खरं जानेवारीचं चित्र आहे. उलट त्या उघड्या फांद्यांमुळेच बाकीच्या फुलांवर विश्वास बसतो.

काम झालं की एक परीक्षा घ्या. खाली काहीही न लिहिता फोटो गटातल्या अशा ताईला दाखवा, जिने या कामात हात लावलेला नाही पण झाडं लावते. तिला ‘छान आहे का’ असं विचारू नका, ‘छान आहे’ हेच उत्तर येईल. विचारा, “हा फोटो कुठल्या महिन्यातला?” तिने डिसेंबर-जानेवारी म्हटलं तर छापा. तिने “गणपतीच्या आसपासचा असेल” म्हटलं किंवा ती घुटमळली, तर तिला कशामुळे तसं वाटलं ते विचारा आणि तेवढंच दुरुस्त करा. आपला पहिला नमुना दाखवला तेव्हा एका काकूंनी लगेच सांगितलं, “बोगनवेलीला एवढी पानं? ती थंडीत फुलांनी भरते, पानं कमी होतात.” त्यांचं बरोबर होतं. ते कापलेलं झाड पावसाळ्यात काढलेल्या फोटोतलं निघालं.

फोटोखाली काय लिहायचं, तेही ठरवू. मी मसुदा केला आहे: ‘सजवलेला फोटो. संचात २१ रोपे: शेवंती ८, मखमली झेंडू १२, बोगनवेल १. ऑक्टोबरमध्ये लावल्यास डिसेंबर-जानेवारीत असा बहर अपेक्षित. रोप देताना उंची कमी असते.’ कोणीतरी म्हटलं, ‘सजवलेला’ कशाला लिहायचं? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये फसव्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि छोटी रोपवाटिका आहे म्हणून त्यातून सूट नाही, हे एक कारण. दुसरं कारण रोजच्या व्यवहाराचं आहे. आपण हातात देतो ते वीतभर रोप असतं आणि फोटोत भरलेला वाफा असतो. मधला दीड-दोन महिन्यांचा काळ कागदावर लिहिलेला नसेल तर देताक्षणीच कटकट सुरू होते. झेंडू बी टाकल्यापासून दोन महिन्यांनी फुलावर येतो. आपण तीन-चार आठवड्यांचं रोप देतो, म्हणजे उरलेला महिना-सव्वा महिना गिऱ्हाइकाला थांबायचं आहे. शेवंती मात्र आपण जून-जुलैपासून वाढवून दिलेली असते, तिला कळ्या आधी दिसतील. हा फरक विक्री करणाऱ्या प्रत्येकीला तोंडपाठ हवा.

छपाईवाल्याला फोटो देताना व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवू नका, तो दबून लहान होतो. Document म्हणून पाठवा. पाच इंच रुंदीचा फोटो स्वच्छ छापायला रुंदीत १५०० ठिपके तरी लागतात.

पावसाळी पानाचा रिकामा फोटो जुलैत काढायचा आहे. पाऊस थांबलेला, पण आभाळ भरलेलं असा दिवस बघा. तेव्हा सावली नसते, बुंध्याशी नुसता मऊ काळोख असतो, त्यामुळे काम यापेक्षा सोपं जाईल. सोनटक्का आणि तेरडा ऑगस्टनंतर फुलतात, म्हणून त्यांचे झाडाचे फोटो ऑगस्ट-सप्टेंबरात, ढगाळ दिवशीच घ्या. हे पान पुढच्या मे महिन्याच्या कॅटलॉगमध्ये जाईल. कुंडीवाल्या ताईंनी ती बादली पुन्हा सोबत आणावी.